‘मी तीनच गोळ्या घेतल्या, डॉक्टर’

पावसाळ्यातली गोष्ट आहे. तुर्भ्याच्या बाजारात एका गाळ्यावर हिशेब लिहिणारे एकसष्ट वर्षांचे गृहस्थ मुलाच्या खांद्यावर हात टाकून दवाखान्यात आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) पाच दिवसांपूर्वी ताप, सर्दी आणि अंगदुखी सुरू झाली होती. ताप तर उतरला होता, पण आता उभं राहवत नव्हतं, मळमळत होतं, जेवण जात नव्हतं. लघवी कमी झाली होती आणि जी होत होती तीही कुंथून. डेंग्यू, मलेरियाचे रिपोर्ट निगेटिव्ह होते. क्रिॲटिनिन मात्र २.१ आलं होतं. तीन महिन्यांपूर्वी तेच १.० होतं.

“काय काय औषधं घेतलीत?” मी विचारलं.

“फार नाही हो. तापाची एक, सर्दीची एक आणि अंगदुखीची एक. तीनच गोळ्या. आणि बीपीची आपली रोजची.”

मुलाला घरी पाठवून मी सगळ्या स्ट्रिप मागवल्या, टेबलावर उलट्या मांडल्या आणि मागचं बारीक अक्षरातलं वाचत कागदावर लिहीत गेलो.

तापाची गोळी: पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम.

सर्दीची गोळी: पॅरासिटामॉल ५००, फेनिलेफ्रिन १०, क्लोरफेनिरामिन २, कॅफिन ३० मिलिग्रॅम.

अंगदुखीची गोळी: ॲसिक्लोफिनॅक १००, पॅरासिटामॉल ३२५, सेरॅशिओपेप्टिडेज १५ मिलिग्रॅम.

बीपीची गोळी: टेल्मिसार्टन ४०, हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५ मिलिग्रॅम.

त्यांच्या हिशेबात चार गोळ्या होत्या, कागदावर औषधांच्या दहा ओळी भरल्या. त्यात पॅरासिटामॉल तीनदा. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब चोख ठेवणारा हा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या पोटात काय जमा होतंय याचा हिशेब कुणीच त्याच्या हाती दिला नव्हता. त्यात मी माझ्या व्यवसायालाही धरतो. म्हणून आज थोडं रागावून लिहितोय.

पॅरासिटामॉलची बेरीज

तापाची गोळी ते दिवसातून चार वेळा घेत होते: २६०० मिलिग्रॅम. सर्दीची तीन वेळा: १५००. अंगदुखीची दोन वेळा: ६५०. एकूण ४७५०. धडधाकट, पूर्ण वाढलेल्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम आहे. वयस्कर, कमी वजनाच्या, नीट न जेवणाऱ्या किंवा रोज दारू घेणाऱ्या माणसाला मी ३००० च्या वर जाऊ देत नाही, आणि यकृताचा आजार असेल तर त्याहूनही कमी ठेवतो.

मर्यादा कशासाठी? आपलं यकृत पॅरासिटामॉल निकामी करून बाहेर टाकतं, पण ते करताना त्यातल्या थोड्या भागाचं एक विषारी द्रव्य तयार होतं. यकृतात ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो, तो हे विष लगेच निष्प्रभ करतो. औषध जास्त झालं की विष जास्त तयार होतं आणि साठा संपत जातो. उपाशी माणसात आणि दारू पिणाऱ्यात तो साठा मुळातच कमी असतो. साठा संपला की ते विष यकृताच्या पेशींवर उतरतं. फसवी गोष्ट अशी, की सुरुवातीला काहीच दुखत नाही. फार तर मळमळ होते, भूक मरते आणि आपण म्हणतो, तापामुळे असेल. यावर उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन, पण तो जितका लवकर, शक्यतो पहिल्या आठ तासांत द्यावा तितका उपयोगी.

या गृहस्थांचं एसजीपीटी थोडं वाढलं होतं, त्यावर निभावलं. पण लक्षात घ्या, त्यांनी एकही गोळी ‘जास्त’ घेतली नव्हती. प्रत्येक पाकिटावर लिहिल्याप्रमाणे किंवा कुणीतरी सांगितल्याप्रमाणेच घेतली होती. चूक गोळीत नव्हती, बेरजेत होती. आणि बेरीज करता येऊ नये अशीच या गोळ्यांची नावं असतात.

नाव सर्दीचं, आत चौघे

गोळ्यांची नावं बघा. मूळ नावापुढे ‘प्लस’, ‘कोल्ड’, ‘पी’, ‘एसपी’, ‘एमआर’, ‘डी’, ‘एच’, ‘एएम’. ही शेपटी म्हणजे आत बसलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या औषधाची खूण असते, पण तिचा काही एकच अर्थ ठरलेला नाही. दुखण्याच्या गोळीपुढचा ‘एमआर’ म्हणजे बहुधा स्नायू सैल करणारं औषध. मधुमेहाच्या ग्लिक्लाझाइडपुढचा ‘एमआर’ म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी. ॲसिडिटीच्या गोळीपुढचा ‘डी’ म्हणजे डॉम्पेरिडोन, कॅल्शियमपुढचा ‘डी’ म्हणजे ड जीवनसत्त्व. एका अक्षरावर विश्वास ठेवून औषध घ्यायचं, हा कुठला शहाणपणा? म्हणून माझं पहिलं सांगणं: पुढचं नाव वाचू नका, स्ट्रिप उलटी करा.

मागे ‘ईच टॅब्लेट कन्टेन्स’ अशी सुरुवात असते. तिथून ‘एक्सिपियंट्स’ या शब्दापर्यंत जितकी नावं, तितकी औषधं तुमच्या पोटात जाणार. एक्सिपियंट्स म्हणजे गोळी बांधायला घातलेली भर. नावापुढचं ‘आयपी’ हे वेगळं औषध नाही, ते भारतीय औषधसंहितेतल्या दर्जाची खूण आहे. ‘हायड्रोक्लोराइड’ किंवा ‘मॅलिएट’ हा औषधाच्या क्षाराचा भाग, तोही वेगळा मोजायचा नाही.

आता एक व्यवहारातली अडचण. आपण चार गोळ्या मागतो, दुकानदार कात्रीने चार कापून देतो आणि नेमका मजकुराचा तुकडा त्याच्याकडच्या अर्ध्या स्ट्रिपवर राहतो. तुमच्या हातात नाव नसलेल्या चमकदार कागदात चार गोळ्या येतात. कापायच्या आधी मोबाइलवर पूर्ण स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो काढा. मुदतीची तारीखही त्यात येते. कुणी फोटो काढू देत नसेल तर ते औषध तिथून घेऊ नका.

सूचनांची वजाबाकी होत नाही

लोकांचा एक समज आहे, की दोन औषधं एकत्र केली म्हणजे दोन्ही थोडी-थोडी सौम्य होतात. तसं काही होत नाही. गोळीत तीन औषधं असतील तर तिघांची पथ्यं तुम्हाला लागू होतात, आणि त्यातलं जे सर्वांत कडक, ते त्या गोळीचं पथ्य. आपल्या हिशेबनिसांच्या स्ट्रिप त्याच नजरेने पुन्हा बघू.

पॅरासिटामॉल योग्य मात्रेत किडनीला फारसं जड नाही. पण अंगदुखीच्या गोळीत त्याच्या शेजारी ॲसिक्लोफिनॅक बसलं होतं. हे डायक्लोफिनॅकच्या कुळातलं वेदनाशामक. किडनीच्या आत रक्त नेणारी बारीक नळी मोकळी ठेवणारी काही द्रव्यं आपलं शरीर बनवतं. ही वेदनाशामकं तीच द्रव्यं कमी करतात, म्हणजे रक्त आत येण्याची वाट अरुंद होते. टेल्मिसार्टन किडनीतून रक्त बाहेर नेणारी नळी सैल करतं, त्यामुळे गाळणीतला दाब उतरतो. एरवी ते किडनीच्या फायद्याचंच असतं. हायड्रोक्लोरोथायाझाइड लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढतं. त्यात हा माणूस तापाने घामाघूम, पाणीही नीट न पिणारा. आत येणारी वाट अरुंद, बाहेर जाणारी सैल आणि नळात मुळातच पाणी कमी, मग गाळणी चालणार कशी? म्हणून लघवी कमी झाली आणि क्रिॲटिनिन दुप्पट झालं.

हे तिघं एकत्र आल्याने किडनीला धक्का बसतो, हे वैद्यकातलं जुनं आणि सर्वज्ञात ज्ञान आहे. पण त्यातले दोघं बीपीच्या गोळीत दडलेले आणि तिसरा ‘अंगदुखी’च्या. गंमत म्हणजे बीपीची ती जोडगोळी मीच लिहून दिली होती, आणि ‘याबरोबर दुखण्याची गोळी घेऊ नका’ हे वाक्य मी तेव्हा बोललो होतो की नाही, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

आता सर्दीची गोळी. क्लोरफेनिरामिन शिंका आणि वाहतं नाक थांबवतं, पण झोप आणतं आणि मूत्राशयाची पकड ढिली करतं. साठीच्या पुरुषात प्रोस्टेट बऱ्याचदा वाढलेली असते. त्याला ही गोळी दिली की लघवी सुरूच होत नाही, कुंथावं लागतं, कधी पूर्ण तुंबते. काचबिंदूच्या एका प्रकारातही ती धोक्याची. फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आकुंचित करतं, म्हणून बीपी आणि हृदयाचे रुग्ण, तसेच प्रोस्टेटवाले यांनी ते टाळायचं. बरं, इतकं करून नाक तरी मोकळं होतं का? अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने सांगितलं, की पोटातून घेतलेल्या फेनिलेफ्रिनचा नेहमीच्या मात्रेत चोंदलेल्या नाकावर उपयोग होत नाही. म्हणजे पथ्य पाळायचं ते पदरात काही न पडणाऱ्या औषधाचं.

सेरॅशिओपेप्टिडेजची कथाही तशीच. सूज उतरवणारं म्हणून ते दुखण्याच्या गोळीत घालतात. ज्या जपानमधून ते आलं, तिथल्या मूळ कंपनीने २०११ मध्ये स्वतःहून ते बाजारातून काढून घेतलं, कारण नव्या चाचण्यांत त्याचा फायदा दिसला नाही. आपल्याकडे ते अजून स्ट्रिपच्या तिसऱ्या ओळीत ठाण मांडून आहे.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. नवी मुंबईत या दिवसांत येणारा ताप डेंग्यू नाही, हे तपासणीशिवाय सांगता येत नाही. डेंग्यूत ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन या वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापात एकटं पॅरासिटामॉल चालतं. ‘पॅरासिटामॉलचीच गोळी आहे’ म्हणून दिलेल्या जोडगोळीत दुसरं कोण आहे, हे म्हणूनच बघायचं.

हे सगळं बाजारात आलं कसं?

तुम्ही म्हणाल, इतकं वाईट असेल तर सरकार परवानगी कशी देतं? हाच खरा प्रश्न आहे.

दोन औषधांचं नवं मिश्रण हे कायद्याने ‘नवं औषध’ ठरतं आणि त्याला आधी केंद्राच्या औषध नियंत्रकांची मंजुरी लागते. पण वर्षानुवर्षं कितीतरी मिश्रणांना राज्याराज्यांतून थेट उत्पादनाचे परवाने मिळत गेले. संसदेच्या स्थायी समितीने मे २०१२ च्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले. मग बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. चंद्रकांत कोकाटे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, हजारो मिश्रणं तपासली गेली आणि १० मार्च २०१६ रोजी ३४४ मिश्रणांवर बंदी आली. कंपन्या कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये ती बंदी रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, त्याने डिसेंबर २०१७ मध्ये फेरतपासणी करायला सांगितलं. मुंबईच्या औषधशास्त्रज्ञ डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या अध्यक्षतेखालच्या उपसमितीने पुन्हा एकेक मिश्रण पाहिलं आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणं बंद झाली. जून २०२३ मध्ये आणखी १४, ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६. बंदीचं कारण थोडक्यात तेच: ही औषधं एकत्र करण्याला वैद्यकीय आधार नाही आणि रुग्णाला धोका आहे.

पण यादीवर विसंबून निर्धास्त होऊ नका. २०२४ च्या यादीत ॲसिक्लोफिनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅम हे मिश्रण आहे. हिशेबनिसांच्या गोळीतलं प्रमाण वेगळं होतं. बंदी नेमक्या मिश्रणावर आणि मात्रेवर येते. त्यामुळे ‘बंदी नाही’ याचा अर्थ ‘तुम्हाला चालेल’ असा होत नाही.

कंपन्यांचं गणित समजायला सोपं आहे. साधं पॅरासिटामॉल अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशाने त्याच्या किमतीला कमाल मर्यादा आहे. त्यात यादीबाहेरचं काही मिसळलं की नवं नाव मिळतं आणि ती कमाल मर्यादा लागू होत नाही. आमचं डॉक्टरांचं गणितही फार उदात्त नाही. रांग लांब असते. एका ओळीत ताप, सर्दी, अंगदुखी तिन्ही उरकतं, विचार करायचा वेळ वाचतो. मीही अशा गोळ्या लिहिल्या आहेत. औषध दुकानदाराचं गणित म्हणजे गिऱ्हाईक रिकाम्या हाती जायला नको. ॲसिक्लोफिनॅकच्या स्ट्रिपवर लाल रेघ आणि चिठ्ठीशिवाय विकू नये अशी चौकट छापलेली असते, तरी ‘अंगदुखीची चांगली गोळी द्या’ म्हटलं की ती मिळते. आणि चौथं गणित तुमचं: “डॉक्टर, एकाच गोळीत बसवा ना.”

मग सगळ्याच जोडगोळ्या वाईट?

नाही. क्षयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात पहिले दोन महिने चार औषधं एकाच गोळीत देतात. चौघांचीही गरज रोज, एकाच वेळी, ठरलेल्या प्रमाणात असते. एखादंच औषध घेऊन बाकीची सोडली तर जंतू निगरगट्ट होतात, म्हणून ती एकत्र बांधणं शहाणपणाचं. गरोदरपणातली लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी तशीच. बीपीच्या जोडगोळ्याही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहेत, कारण रोजच्या, आयुष्यभराच्या औषधात गोळ्या कमी झाल्या तर माणूस त्या नियमित घेतो.

फरक ओळखायला मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: आतल्या प्रत्येक औषधाची या माणसाला गरज आहे का, आणि ती सारख्याच दिवसांसाठी आहे का? सर्दी-तापात हे बसत नाही. ताप दोन दिवसांत जातो, नाक पाच दिवस वाहतं, अंग एक दिवस दुखतं. ताप गेल्यावर नाकासाठी तीच गोळी चालू ठेवली तर पॅरासिटामॉल उगाच चालू राहतं. ताप चढला म्हणून गोळी वाढवली तर झोपेचं औषधही वाढतं. आत बांधलेल्या चौघांतल्या एकाला तुम्ही घरी पाठवू शकत नाही.

तुमचा कागद

आमच्या हिशेबनिसांच्या तिन्ही नव्या स्ट्रिप बंद केल्या. बीपीची गोळी मी काही दिवस थांबवली आणि बीपीवर रोज लक्ष ठेवलं. (हे तुम्ही आपल्या मनाने करायचं नाही, पण ताप, जुलाब, उलट्या असतील तर ‘बीपीची गोळी चालू ठेवू का?’ हा फोन डॉक्टरांना जरूर करायचा.) सलाइन दिलं, लघवी मोकळी झाली. नवव्या दिवशी क्रिॲटिनिन १.२ वर आलं. वेळेत आले म्हणून. आणखी चार दिवस ‘अशक्तपणा आहे’ म्हणून घरी पडून राहिले असते, तर ही गोष्ट मला वेगळ्या शेवटाने लिहावी लागली असती.

नंतर त्यांनी स्वतःच एक पान आखलं. डावीकडे गोळीचं नाव, पुढे आतलं एकेक औषध स्वतंत्र ओळीत, त्यापुढे मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा आणि शेवटी बेरीज. आता नवी गोळी घरात आली की आधी ते त्या पानावर शोधतात, की यातलं कुणी आधीच इथे आहे का. असेल तर गोळी घेत नाहीत, फोन करतात. माझ्या समोर बसून ते पान टेबलावर सरकवतात आणि विचारतात, “हे तिसरं नाव कशासाठी?”

मागच्या महिन्यात त्यांनी मला तो प्रश्न माझ्याच चिठ्ठीबद्दल विचारला. माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. मी ती गोळी खोडली आणि साधी लिहून दिली.